तेलकट, फिकट, तरंगणारी शी: जेवणातलं तेल जास्त झालं, की चरबी पचतच नाहीये?

कावेरी_म
नमस्कार. विषय संकोचाचा आहे, पण घरात बोलून उपयोग होत नाहीये म्हणून इथे लिहिते.

नवऱ्याचं वय ५२. गेले पाच महिने तळलेलं किंवा लोणी घातलेलं काही खाल्लं की दुसऱ्या दिवशी शी फिकट पिवळी, सैल आणि भरपूर होते आणि पाण्यावर तरंगते. एका फ्लशमध्ये जात नाही. भांड्याला चिकटून राहते, ब्रशने घासावी लागते. वास पूर्वी कधी असा नव्हता. साधं, कमी तेलाचं जेवण असेल तेव्हा हा त्रास जवळजवळ नसतो.

वजन ७१ होतं, आता ६४ आहे. तो म्हणतो की रोज चालायला लागलोय म्हणून उतरलं. पण भूक कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. मला हे वजन उतरणं काही बरोबर वाटत नाही.

नुसतं जास्त तेल खाल्ल्याने असं होतं का? आणि शी तरंगली म्हणजे चरबी पचत नाही, हे खरं आहे का?

दगडफूल
हो, खरं आहे. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून चरबी उतरली की शी तरंगते. लिव्हर थकलं की असं होतं. तेल, लोणी, साय सगळं पूर्ण बंद करा, महिन्याभरात फरक दिसेल. आमच्या ऑफिसातल्या एकाला असाच त्रास होता, तेल बंद केल्यावर थांबला.

सुनीती
कावेरीताई, हे पित्त आहे. तेलकट खाल्लं की मलाही घशाशी येतं, छातीत जळजळतं. सकाळी रिकाम्या पोटी अॅसिडिटीची गोळी घेतली की दिवस बरा जातो. त्यांना दोन आठवडे देऊन बघा.

तरंग
आता मला भीती वाटायला लागली. माझी शी गेली दहा वर्षं तरंगते. वजन आहे तेवढंच आहे, रंग तपकिरी, चिकट वगैरे नाही. डाळी-कडधान्यं आणि दूध भरपूर घेतो, गॅसही होतात. मला पण चरबीचा आजार आहे का?

मृण्मयी_पोटविकार
मी पोटविकारतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण वर दोन-तीन गोष्टींची सरमिसळ झाली आहे, ती आधी सोडवते.

तरंग, तुमची शी तरंगते ती बहुतेक हवेमुळे. १९७२ मध्ये लेव्हिट आणि ड्युएन या दोन डॉक्टरांनी हेच तपासलं होतं. तरंगणाऱ्या मलावर त्यांनी दाब दिला. आतला वायू दाबला गेला आणि तोच मल बुडाला. चरबीने तरंगत असता तर दाबाने फरक पडला नसता. मोठ्या आतड्यातले जंतू वायू तयार करतात, तो मलात अडकतो आणि मल हलका होतो. डाळी, दूध, कोबी असं खाणाऱ्या धडधाकट माणसांत हे नेहमी दिसतं. तुमचं वजन टिकून आहे, रंग तपकिरी आहे, तेल दिसत नाही. तुम्ही सांगितलंत त्यात मला काळजीचं काही दिसत नाही.

म्हणून दगडफूल, तरंगण्यावरून चरबी ओळखता येत नाही. चरबी न पचलेला मलही तरंगतो, पण तिथेही बरंचसं काम वायूच करतो.

बघायचं ते पाण्याकडे. रस्सा गार झाल्यावर वर तवंग येतो ना, तसा तवंग भांड्यातल्या पाण्यावर येतो का? पिवळे-नारिंगी थेंब सुटे तरंगताना दिसतात का? कागदाने पुसल्यावर तेलकट डाग पडतो का? मल भांड्याला लोण्यासारखा चिकटतो का? कावेरी, तुम्ही चिकटणं, प्रमाण आणि वास लिहिलात. त्यातलं चिकटणं आणि वजन मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

नुसत्या जास्त तेलाने असं होतं का? निरोगी माणसात सहसा नाही. दिवसाला १०० ग्रॅम चरबी खाल्ली तर निरोगी आतडं त्यातली फार तर ७ ग्रॅम बाहेर सोडतं. जड जेवणाने पोट गच्च होईल, एखादा जुलाब होईल, पण पाण्यावर तवंग येणार नाही. तो आला तर चरबी पचवण्यात किंवा शोषण्यात कुठेतरी अडचण आहे.

मग कमी तेलाच्या दिवशी त्रास का नसतो? चरबीचा चौथा भाग वाया जातो असं धरा. ज्या दिवशी ३० ग्रॅम खाल्ली त्या दिवशी सात-आठ ग्रॅम बाहेर पडेल, ते डोळ्यांना दिसणारही नाही. ज्या दिवशी १२० खाल्ली त्या दिवशी ३० ग्रॅम पडेल, म्हणजे दोन मोठे चमचे तेल. बिघाड दोन्ही दिवशी तोच असतो, तेलकट जेवणाच्या दिवशी तो उघडा पडतो.

सुनीतीताई, आपण बोलताना ज्याला पित्त म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं अॅसिड असतं. तुमची जळजळ त्याची आहे. चरबी पचवायला लागतो तो पित्तरस वेगळा. तो यकृतात तयार होतो, हिरवट-पिवळा असतो, आणि भांड्याच्या तेलाला साबण जसा पाण्यात मिसळायला लावतो तसं आतड्यात करतो. अॅसिडच्या गोळीने कावेरींच्या नवऱ्याचा प्रश्न सुटणार नाही.

कावेरी, चार प्रश्न आहेत. पाण्यावर तेल दिसतं का? लघवी गडद झाली आहे का, डोळे पिवळे किंवा अंगाला खाज आहे का? साखर कधी तपासली आहे का? आणि पूर्वी पोटाच्या दुखण्यासाठी कधी दवाखान्यात भरती व्हावं लागलं होतं का?

कावेरी_म
डॉक्टर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून हात थांबले. सहा वर्षांपूर्वी आणि मग चार वर्षांपूर्वी, दोनदा स्वादुपिंडाला सूज आली होती. दोन्ही वेळा भरती करावं लागलं. तेव्हा तो दारू घ्यायचा. दुसऱ्या वेळेनंतर सोडली. सिगारेट अजून आहे. बरं झालं म्हणून आम्ही तो विषय सोडूनच दिला होता, इथे लिहावा हे सुचलंही नाही.

साखर दोन वर्षांपूर्वी निघाली. त्याच्या घरात कोणालाही मधुमेह नाही.

लघवी नेहमीसारखी आहे, डोळे पिवळे नाहीत, खाज नाही. तेलाचं म्हणाल तर काल रात्री बाहेर जेवलो होतो, आज सकाळी मीच आत जाऊन पाहिलं. पाण्यावर मोसंबी रंगाचे गोल थेंब होते, कडेला पातळ तवंग होता. फ्लश केल्यावरही कड तेलकट राहिली.

मृण्मयी_पोटविकार
हे तुम्ही पाहिलंत आणि लिहिलंत ते फार बरं केलंत.

मोकळे थेंब दिसतात तेव्हा माझं लक्ष आधी स्वादुपिंडाकडे जातं. तिथून लायपेज नावाचा पाचकरस येतो आणि चरबी तोडतो. तो नसला तर खाल्लेलं तेल बरंचसं तेल म्हणूनच बाहेर पडतं. आतड्याचा आजार असेल तर चरबी तुटलेली असते, पण शोषली जात नाही. तेव्हा मल फिकट, फुगलेला, भरपूर असतो, पण असे सुटे थेंब कमी दिसतात. यावर निदान करायचं नाही, तपासण्या कुठल्या क्रमाने करायच्या एवढंच यावरून ठरतं.

दोनदा सूज, नंतर साखर, आणि आता हे. सुजेनंतर स्वादुपिंड हळूहळू कडक होत जातं आणि तोवर बाहेर काही दिसत नाही, कारण लायपेज भरपूर जास्तीचं बनत असतं. साधारण दहा टक्क्यांच्या खाली आलं की मगच मलात चरबी दिसू लागते. म्हणून लोकांना वाटतं की पाच महिन्यांपूर्वी अचानक सुरू झालं.

दगडफूल, लिव्हरबद्दल तुमचं अगदीच चूक नाही. पित्तरस आतड्यात उतरला नाही तरी चरबी अडते. पण मग मल पिवळा नसतो, पांढऱ्या मातीसारखा होतो, कारण मलाला तपकिरी रंग पित्तरसातूनच येतो. सोबत लघवी चहासारखी गडद होते, डोळे पिवळे पडतात, खाज सुटते. असं दिसलं तर धाग्यावर विचारत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

आणि तेल पूर्ण बंद करणं इथे मला पटत नाही. ज्याचं वजन सात किलो उतरलं आहे त्याच्या पानातली चरबी काढून घेतली की तवंग दिसायचा थांबेल आणि वजन आणखी उतरेल. तुमच्या ऑफिसातल्या गृहस्थांचं काय झालं, वजन टिकलं का?

कावेरी, पुढच्या काही दिवसांतच दाखवा. स्वादुपिंडातून येणारं इलास्टेज मलात किती उतरतं ती चाचणी आणि पोटाचा सीटी स्कॅन याबद्दल विचारा. पन्नाशीनंतर साखर आणि वजन घटणं एकत्र दिसलं की स्वादुपिंडाचं चित्र पाहावंच लागतं. जुनी सूज हेच कारण असावं असं मला वाटतं, पण गाठ नाही ना हेही पाहूनच सांगायचं असतं.

दगडफूल
वजनाचं मला माहीत नाही, विचारलं नव्हतं. आज विचारतो.

नलिनी
माझ्या वडिलांनाही शीमध्ये तेल दिसतं! कपड्यालाही डाग पडतो, मी केव्हापासून घाबरून आहे. पण त्यांना जुलाब नाहीत, बद्धकोष्ठ आहे. बद्धकोष्ठावर काय करावं? रोज रात्री दोन चमचे पांढरं पातळ औषध घेतात, तेवढ्याने जेमतेम होतं.

मृण्मयी_पोटविकार
नलिनीताई, त्या बाटलीवरचा घटक वाचाल का? लिक्विड पॅराफिन लिहिलंय का?

नलिनी
हो! लिक्विड पॅराफिन आणि मॅग्नेशियाचं दूध.

मृण्मयी_पोटविकार
मग ते तेल बहुतेक औषधाचंच आहे. लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल, आतडं ते शोषत नाही, जसं घेतलं तसं बाहेर येतं आणि गळतंही. वजन कमी करण्यासाठी ऑर्लिस्टॅट घेणाऱ्यांतही तेल दिसतं, तिथे मात्र ते खाण्यातलं असतं. त्या गोळीचं कामच लायपेज अडवण्याचं आहे, जवळजवळ तिसरा हिस्सा चरबी ती शोषू देत नाही.

वडिलांचं वय जास्त असेल तर रोज झोपताना पॅराफिन देऊ नका. आडवं असताना ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला त्रास होतो. डॉक्टरांकडून दुसरं काही बदलून घ्या. बदलल्यावर चार-पाच दिवसांत तेल दिसायचं थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर दाखवा.

रानवाट
माझी तपासणी वेगळ्या कारणासाठी झाली होती, ग्लुटेनच्या आजाराची. तेव्हा तीन दिवसांचा मल गोळा करायची चाचणी केली होती, ती सांगते, कारण कोणी नीट सांगत नाही.

आहारतज्ज्ञाने रोज १०० ग्रॅम चरबी पोटात जाईल असं वजन करून जेवण ठरवून दिलं होतं. झाकणाचा डबा मिळाला. तीन दिवस प्रत्येक वेळी त्यातच. डबा फ्रीजमध्ये ठेवावा लागतो, मी तो पिशवीत गुंडाळून वेगळ्या छोट्या फ्रीजमध्ये ठेवला. तीन दिवसांत ८४ ग्रॅम चरबी निघाली, म्हणजे रोजची २८. माझे डॉक्टर म्हणाले, ग्रॅममागे ९ कॅलरी धरल्या तर रोज अडीचशे कॅलरी तुम्ही फ्लश करता आहात. महिन्याला साधारण किलोभर वजन का उतरत होतं, ते तेव्हा कळलं.

एक चूक माझ्याकडून झाली होती. टीटीजीची रक्तचाचणी होण्याआधीच मी गहू बंद केला होता. चाचणी निगेटिव्ह आली आणि चार महिने वाया गेले. कावेरीताई, तपासणी होईपर्यंत त्यांच्या खाण्यातलं काही काढू नका.

मृण्मयी_पोटविकार
हे फार नेमकं लिहिलंत. ती चाचणी आता क्वचितच करतात, कारण गोळा करणारा आणि तपासणारा दोघेही कंटाळतात. इलास्टेजला मलाचा छोटा नमुना पुरतो.

कावेरी_म (१९ दिवसांनी)
सगळ्यांना सांगायचं होतं म्हणून आले.

पहिला नमुना दिला त्या दिवशी त्याला पातळ जुलाब झाले होते. इलास्टेज ४१ आलं. आमच्या डॉक्टरांनी तो आकडा धरलाच नाही. म्हणाले, पातळ मलात इलास्टेज पाण्याने विरळ होतं आणि खोटं कमी दिसतं, बांधून झालेली शी द्या. आठवड्याने दुसरा नमुना दिला, ६८ आलं. अहवालावर २०० च्या वर नॉर्मल आणि १०० च्या खाली गंभीर कमतरता असं छापलंय. टीटीजी नॉर्मल. सीटीमध्ये स्वादुपिंडात चुन्याचे ठिपके आहेत आणि नळी रुंद झाली आहे. गाठ नाही. हे वाचून मी खुर्चीतच रडले. ड जीवनसत्त्व फार कमी निघालं.

पाचकरसाच्या कॅप्सूल सुरू केल्या आहेत, २५,००० युनिटच्या. एक कॅप्सूल जेवणाआधी अर्धा तास घेतो. दहा दिवस झाले, फरक थोडाच आहे. तेल अजून दिसतं. औषध लागू पडत नाहीये का?

मृण्मयी_पोटविकार
औषध बदलायच्या आधी वेळ बदला. ही कॅप्सूल अन्नात मिसळली तरच उपयोग. अर्धा तास आधी घेतली की ती अन्नाच्या पुढे निघून जाते. पहिल्या घासाबरोबर घ्यायची. मोठ्या माणसाच्या मुख्य जेवणाला सुरुवात साधारण ४०,००० ते ५०,००० युनिटने करतात आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मी. तुमचा डोस कमी वाटतो. पण तो तुमच्या डॉक्टरांना विचारूनच वाढवा. दोन कॅप्सूल असतील तर एक सुरुवातीला, एक जेवण अर्ध्यावर आल्यावर. चावायची नाही, फोडून गरम पदार्थात घालायची नाही.

आणि साखर वरचेवर पाहा. आत्तापर्यंत जे बाहेर जात होतं ते आता अंगी लागेल, त्यामुळे साखर वाढू शकते.

दगडफूल
ऑफिसातल्या गृहस्थांना विचारलं. त्रास थांबला, पण गेल्या वर्षभरात वजन नऊ किलो उतरलंय आणि ते त्यावर खूश आहेत. त्यांना हा धागा वाचायला दिला आहे. कावेरीताई, मी तेल बंद करा म्हणालो ते मागे घेतो.

वाटसरू
पित्ताशय काढलेल्यांचं काय? माझं तीन वर्षांपूर्वी काढलं. तेलकट खाल्लं की तासाभरात पळावं लागतं. मलाही हे एन्झाइम लागतील का?

मृण्मयी_पोटविकार
पित्ताशय ही साठवायची पिशवी. ती काढली तरी यकृत पित्तरस बनवतच राहतं आणि तो थेट आतड्यात झिरपतो. चरबी बहुतेकांची नीट पचते. तुमचं तासाभरात पळणं आहे ते जास्त पित्तरस मोठ्या आतड्यात उतरल्यामुळे असू शकतं. तो मल पातळ, पिवळा किंवा हिरवट असतो, तेलकट नसतो. त्यावरची औषधं वेगळी आहेत. एन्झाइम स्वतःहून सुरू करू नका. तुमच्या मलात तेल दिसतं का ते आधी पाहा.

सुनीती
मी पित्ताची गोळी सांगितली होती, ती चूक होती ना?

मृण्मयी_पोटविकार
या प्रश्नासाठी चूक होती. पण गंमत बघा, एन्झाइमचा डोस पुरेसा असूनही काम होत नसेल तेव्हा आम्ही कधीकधी अॅसिड कमी करणारी गोळी सोबत देतो. स्वादुपिंड आजारी असलं की अॅसिड मारणारा त्याचा रसही कमी पडतो, आणि जास्त आम्लात लायपेज नासतं. कावेरींना लागली तर त्यांचे डॉक्टर सांगतील.

कावेरी_म (आणखी सहा आठवड्यांनी)
वजन ६६.५. डॉक्टरांनी जेवणाला दोन आणि मधल्या खाण्याला एक कॅप्सूल केली. घास सुरू करताना पहिली, अर्ध्यावर दुसरी. पाचव्या दिवशीपासून पाण्यावरचं तेल गेलं. परवा घरी तळण झालं होतं, मुद्दाम पाहिलं, एकही थेंब नाही. एका फ्लशमध्ये जाते. रंग परत तपकिरी झालाय.

साखर वाढली, डॉक्टर म्हणालात तसंच. गोळ्या बदलल्या आहेत. ड जीवनसत्त्व सुरू आहे, हाडांची तपासणी पुढच्या महिन्यात. एक गोष्ट मी तुम्हाला आधी सांगितली नव्हती, तो संध्याकाळी गाडी चालवायचं टाळत होता, अंधारात नीट दिसत नाही म्हणायचा. अ जीवनसत्त्वही तपासलं, कमी आहे.

सिगारेट दिवसाला दोनवर आली आहे, सुटलेली नाही. त्यावरून रोज वाद होतो.

आता एकच शंका राहिली. पोट अजून फुगतं आणि शी कधीकधी तरंगते. तेल मात्र नसतं. डोस आणखी वाढवायचा का?

तरंग
तेल नाही आणि तरंगते, म्हणजे माझ्यासारखंच झालं की!

मृण्मयी_पोटविकार
तरंग, असू शकतं, नुसता वायूही असेल. पण कावेरी, स्वादुपिंडाच्या या आजारात लहान आतड्यात जंतू वाढण्याचा प्रकारही दिसतो आणि त्यानेही पोट फुगतं. वजन वाढतंय आणि तेल नाही, तेव्हा फक्त तरंगण्यासाठी डोस वाढवायची मी घाई करणार नाही. महिनाभर वजन लिहून ठेवा. फुगणं वाढलं तर श्वासाची चाचणी करता येईल, पण ती सगळ्यांच्या बाबतीत भरवशाची नसते, त्यामुळे त्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

कावेरी_म
बरं. वजन दर रविवारी सकाळी लिहिते आणि महिन्याने इथेच टाकते.